बाबांची गोळी आईला का चालत नाही?

*माझी आई ५८ वर्षांची आहे. ११ वर्षांपूर्वी तिच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह काढून धातूचा बसवला. तेव्हापासून रोज रात्री वॉर्फरिन ५ मिलिग्रॅम चालू आहे आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा, २.८ ते ३ असतो. श्रावणात दाढ दुखली म्हणून जवळच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. उपासही चालू होते. आयएनआर ५.४ आला. घाबरून आम्ही गोळी पाच दिवस बंद ठेवली, तर तो १.६ वर आला. आता गोळी परत सुरू केली आहे, शिवाय पोटात इंजेक्शनं. बाबा ७१ वर्षांचे, ठोके अनियमित म्हणून अपिक्सबान दिवसातून दोनदा घेतात. त्यांना ना पथ्य, ना दर महिन्याला रक्ततपासणी. मग आईलाही तीच गोळी का देत नाहीत? – एक मुलगी, नेरुळ*

आईला अपिक्सबान एक दिवसही देऊ नका. बाबांच्या डब्यातली गोळी चुकून तिच्या डब्यात जाणार नाही, एवढी काळजी आजपासूनच घ्या. दोन्ही गोळ्यांना आपण सर्रास ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रक्त पातळ कुणाचंच होत नाही. ते गोठायला उशीर लावतं, इतकंच. तो उशीर नेमका कुठल्या पायरीवर लावायचा, हे आईच्या बाबतीत वेगळं आहे आणि बाबांच्या बाबतीत वेगळं.

भाजी चिरताना बोट विळीला लागलं की काय होतं ते आधी पाहू. रक्तवाहिनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराच्या पलीकडे, टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. वाहत्या रक्ताची एरवी त्याच्याशी गाठच पडत नाही. अस्तर फाटलं की रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर सात त्याला चिकटतो आणि दोघं मिळून फॅक्टर दहाला जागं करतात. (आकडे पाहून गोंधळू नका. ते काम करण्याच्या क्रमाने दिलेले नाहीत.) जागा झालेला दहा फॅक्टर दोनपासून थ्रॉम्बिन तयार करतो, पण अगदी चिमूटभर. तेवढ्याने जखम बुजत नाही. पण तो चिमूटभर थ्रॉम्बिन मागे वळतो आणि पाच, आठ आणि अकरा या फॅक्टरांना उठवतो. आता अकराने उठवलेला नऊ आणि आठ मिळून दहाचा पुरवठा वाढवतात, दहा आणि पाच मिळून थ्रॉम्बिनचा. हे सगळं जखमेला चिकटलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर घडतं. ठिणगीचा वणवा होतो तो इथे. मग हा थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करतो, धाग्यांची जाळी होते आणि जाळीत रक्तपेशी अडकल्या की गुठळी तयार.

या साखळीला आणखी एक दार आहे, आणि आईची गोष्ट त्या दाराची आहे. रक्त काचेला, प्लास्टिकला किंवा अशा कुठल्याही परक्या पृष्ठभागाला लागलं की फॅक्टर बारा आपोआप जागा होतो. तो अकराला उठवतो, अकरा नऊला, नऊ दहाला. गंमत अशी की ज्यांच्या शरीरात जन्मतः फॅक्टर बारा नसतो त्यांना जखम झाली तरी जास्त रक्त जात नाही. म्हणजे बोट कापल्यावर शरीराला या दाराची फारशी गरज पडत नाही. पण परकी वस्तू रक्ताच्या धारेत कायमची बसवली, तर हे दार कायमचं किलकिलं राहतं. आईचा व्हॉल्व्ह ‘धातूचा’ म्हणतात खरा, पण त्याच्या पाकळ्या बहुधा पायरोलिटिक कार्बनच्या असतात आणि त्याच्याभोवती टाके घालायला पॉलिएस्टरच्या कापडाची कड असते. त्यातून मायट्रलच्या जागी रक्त तुलनेने सावकाश वाहतं, म्हणून तिथल्या व्हॉल्व्हवर गुठळी धरण्याचा धोका महाधमनीच्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त.

बाबांच्या हृदयात परकं काही नाही. ठोके अनियमित असले की वरचा डावा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, आणि त्या कप्प्याला कानासारखी जी छोटी पिशवी असते तिच्यात रक्त साचून राहतं. गुठळी तिथे होते. साखळी तीच, पण तिला चेतवणारा जोर कमी. तिथे एक कडी पक्की धरली तरी भागतं.

अपिक्सबान नेमकं तेवढंच करतं. जाग्या झालेल्या फॅक्टर दहाच्या तोंडात जाऊन बसतं, म्हणजे त्याला फॅक्टर दोन चावता येत नाही. रिवारोक्साबानही दहालाच धरतं. डॅबिगॅट्रान एक पायरी पुढे जाऊन थेट थ्रॉम्बिनला अडवतं. तिन्ही औषधं रक्तात पोचली की काही तासांत कामाला लागतात, कारण जे प्रथिन अडवायचं ते त्यांच्यासमोरच असतं.

वॉर्फरिनची रीत अगदी निराळी. वॉर्फरिनचे थेंब परीक्षानळीतल्या ताज्या रक्तात टाकले तर रक्त नेहमीसारखंच गोठतं! कारण वॉर्फरिन रक्तातल्या कुठल्याच फॅक्टरला हात लावत नाही. त्याचं काम यकृतात चालतं. दोन, सात, नऊ आणि दहा हे चार फॅक्टर यकृत तयार करतं, आणि शेवटी त्यांना हुकासारखा एक छोटा आकडा बसवतं. कॅल्शियमच्या मदतीने फॅक्टर या आकड्याने प्लेटलेटच्या पृष्ठभागाला अडकतो. आकडाच नसला तर तो रक्तात नुसता तरंगत राहतो, कामाचा नाही. आकडा बसवायला व्हिटॅमिन के लागतं. ते एकदा वापरलं की बाद होतं आणि एक एन्झाइम त्याला पुन्हा वापरण्याजोगं करतं. वॉर्फरिन या एन्झाइमला अडवतं. असेनोकौमारॉलही याच जातीचं, मात्र त्याच्या मिलिग्रॅमचा हिशेब वेगळा आहे. दुकानदाराने ‘तेच आहे हो’ म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं तर घेऊ नका.

आता आईच्या व्हॉल्व्हकडे पुन्हा बघा. वॉर्फरिन सात कमी करतं, म्हणजे जखमेचं दार आवळलं. नऊ कमी करतं, म्हणजे परक्या पृष्ठभागाच्या दारातून येणारा रस्ता आवळला. शिवाय दोन्ही रस्ते जिथे मिळतात तिथले दहा आणि दोनही कमी. नवी गोळी मात्र शेवटच्या टप्प्यावर एकटी उभी असते, आणि व्हॉल्व्ह रात्रंदिवस वरून नवा माल पाठवत असतो. तो पुरवठा गोळीला भारी पडतो, हे आज सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

आणि हा नुसता तर्क नाही. धातूच्या व्हॉल्व्हच्या २५२ पेशंटांवर डॅबिगॅट्रान आणि वॉर्फरिनची तुलना करणारा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष आले. डॅबिगॅट्रानच्या गटात ९ जणांना पक्षाघात झाला, वॉर्फरिनच्या गटात एकालाही नाही. वर रक्तस्रावही डॅबिगॅट्रानच्याच गटात जास्त. म्हणजे डोस वाढवून प्रश्न सुटेल, ही वाटही बंद झाली. पुढे अपिक्सबान महाधमनीच्या एका विशिष्ट व्हॉल्व्हवर वापरून पाहिलं. तो व्हॉल्व्ह मायट्रलपेक्षा सोपा, तरी गुठळ्या जास्त होऊ लागल्या आणि २०२२ मध्ये तो प्रयोगही आटोपता घेतला. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या व्हॉल्व्हचं गणित वेगळं असतं, तिथे पहिले काही महिने गेल्यावर नव्या गोळ्या देता येतात. त्यामुळे शेजारच्या कुणी ‘आमच्या काकांचाही व्हॉल्व्ह बदललाय, ते अपिक्सबानच घेतात’ म्हटलं तर आधी व्हॉल्व्ह कसला, ते विचारा.

आता श्रावणात काय झालं ते उलगडू. आईची मायट्रल जागा धरली तर तिचा आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये असायला हवा. ११ वर्षं तो तसा राहिला, म्हणजे गोळी आणि जेवण यांचा मेळ बसलेला होता. मेट्रोनिडाझोलने तो मोडला. वॉर्फरिनचा निचरा करणारी जी यंत्रणा यकृतात आहे, तिचं मुख्य एन्झाइम मेट्रोनिडाझोल अडवतं. गोळी रोज तीच, ५ मिलिग्रॅम. पण आदल्या दिवशीची पुरती बाहेर पडण्याआधी दुसरी आत येत होती. त्यात उपासांमुळे ताटातली पालेभाजी गेली, म्हणजे व्हिटॅमिन के ची आवकही घटली. दाढेसाठी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली असेल तर धोका आणखी वाढला, कारण ती जठराचं अस्तर दुखावते आणि प्लेटलेटनाही ढिलं करते. हे नुकसान आयएनआरमध्ये दिसतही नाही.

५.४ वर घाबरणं साहजिक होतं. पण रक्त कुठून जात नसेल तर अशा वेळी डॉक्टर सहसा एक किंवा दोन डोस वगळायला सांगतात, एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात आणि आकडा उतरू लागला की गोळी सुरू करतात. तुम्ही पाच दिवस थांबलात, आणि नेमकं त्याच वेळी मेट्रोनिडाझोलही संपलं. म्हणजे तुंबलेला निचरा मोकळा झाला, वरून गोळी शून्य, आणि उपास सुटल्यावर कदाचित वाशीच्या मार्केटातून मेथीच्या जुड्याही घरात आल्या. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या. १.६ हा आकडा त्यातून आला, आणि आईसाठी ५.४ पेक्षा तो कमी भीतीदायक नाही. आणखी एक सांगून ठेवतो. असा वाढलेला आकडा पाहून कुणी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मारून मोकळं होऊ म्हणालं, तर व्हॉल्व्ह आहे हे आधी ठणकावून सांगा. रक्तस्राव नसताना ते दिलं तर पुढे कित्येक दिवस वॉर्फरिन लागूच पडत नाही.

गोळी सुरू केली तरी इंजेक्शन का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात तो नक्की निघाला असणार. वॉर्फरिन नवे आकडे बसू देत नाही, पण आधीच रक्तात फिरणारे आकडेवाले फॅक्टर संपेपर्यंत वाट पाहावी लागते. फॅक्टर सात लवकर संपतो, दर सहा तासांनी निम्मा. फॅक्टर दोन मात्र चिवट, त्याला निम्मं व्हायला साधारण ६० तास लागतात. समजा यकृताने आकडा बसवणं आज पूर्ण थांबवलं, तरी अडीच दिवसांनी फॅक्टर दोन निम्मा उरेल आणि पाच दिवसांनी पाव. आयएनआरची तपासणी सातच्या घसरणीला चटकन दाद देते, म्हणून दोन-तीन दिवसांत आयएनआर वर चढलेला दिसतो. खरं संरक्षण तेव्हा अजून आलेलं नसतं. हीच दरी इंजेक्शन भरून काढतं. ते बहुधा एनोक्सापॅरिन असेल. ते शरीराचा स्वतःचा ब्रेक, अँटिथ्रॉम्बिन, काही तासांत घट्ट करतं आणि त्यातून मुख्यतः जागा झालेला फॅक्टर दहा आवरला जातो. त्याचा डोस वजनावर आणि किडनीवर ठरतो. बहुतेक डॉक्टर एका रिपोर्टवर भरवसा न ठेवता लागोपाठ दोन रिपोर्ट लक्ष्यात आले की मगच ते थांबवतात. २.५ चा पहिला रिपोर्ट हातात पडला म्हणून तुम्ही परस्पर सुई बंद करू नका.

याच कारणासाठी डोस बदलला की दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये धावण्यात अर्थ नाही. तीन ते सात दिवसांनी आकडा काहीतरी सांगतो. डॉक्टर डोस आठवड्याच्या हिशेबाने बदलतात, तेही समजून घ्या. रोज ५ म्हणजे आठवड्याला ३५. त्यात एका दिवशी ७.५ केले की ३७.५ होतात, म्हणजे सातेक टक्के वाढ. एवढीशी वाढसुद्धा पुरते. वहीत तारीख, त्या दिवशी घेतलेले मिलिग्रॅम आणि आयएनआर अशा तीन रकान्यांत लिहीत जा. ‘एक गोळी’, ‘अर्धी गोळी’ असं लिहू नका, कारण गोळ्या १, २, ३ आणि ५ मिलिग्रॅमच्या येतात. गोळी संध्याकाळी किंवा रात्री घ्यायची, म्हणजे दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो.

लॅबमध्ये एक गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. आयएनआरसाठी निळ्या टोपीची नळी वापरतात. तिच्यात आधीच थोडा सायट्रेटचा द्राव असतो, तो रक्तातलं कॅल्शियम बांधून गोठणं थांबवतो. प्रमाण ठरलेलं: नऊ भाग रक्ताला एक भाग द्राव, म्हणजे बहुधा २.७ मिलीलीटर रक्त आणि ०.३ द्राव. नळीवर भरण्याची खूण असते. शीर सापडेना म्हणून अर्धीच नळी भरली तर सायट्रेट जास्त होतं, गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. काही कारण नसताना २.८ चा ४.५ झाला, तर गोळी बदलण्याआधी पुन्हा रक्त द्या. रिपोर्टमधल्या सेकंदांची तुलना मात्र करू नका. एका लॅबचे ३० सेकंद दुसऱ्या लॅबमध्ये निराळे असू शकतात. कारण प्रत्येकाचं रसायन वेगळ्या तिखटपणाचं असतं आणि आयएनआर काढताना तो तिखटपणा हिशेबात धरतात. पेशंटचे ३० सेकंद, सामान्य माणसाचे १२, म्हणजे गुणोत्तर २.५. रसायनाचा निर्देशांक १ असेल तर आयएनआर २.५ च राहतो, १.२ असेल तर ३ होतो. शक्यतो एकच लॅब धरून राहा.

पालेभाजी बंद करू नका. मेथी, पालक, अळू, शेपू यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. पण त्रास भाजीने होत नाही, तिच्या चढउताराने होतो. आठवड्यातून तीनदा पालेभाजी असेल तर वर्षभर तीनदाच असू द्या. उपासाचा महिना लागण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे मधे एक जादा तपासणी लावता येते. कुठलंही नवं औषध सुरू झालं, आयुर्वेदिक काढ्यासकट, की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करायचा. दुखण्यावर पॅरासिटामॉल बरी, पण तीही रोज तीन-चार गोळ्या आठवडाभर चालली तर आयएनआर चढतो. आणि ती दाढ तशीच सोडू नका. दाढ काढताना वॉर्फरिन सहसा बंद करत नाहीत, मात्र व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो. डेंटिस्टला व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा.

बाबांचं ‘काहीच पथ्य नाही’ हेही अर्धसत्यच आहे. अपिक्सबान साधारण १२ तासांत निम्मं उतरतं. आईची एक गोळी चुकली तर फॅक्टर हळूहळूच वाढतात, फार बिघडत नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, नाही तर सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. बाबांच्या दोन गोळ्या लागोपाठ चुकल्या की ते जवळजवळ उघडे पडतात. लोकलच्या गर्दीत उशीर झाला, डबा घरी राहिला, हे त्यांच्या बाबतीत महाग पडू शकतं. गोळी आठवल्यावर लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी. त्यांना आयएनआर नको, कारण अपिक्सबानचा परिणाम तो नीट मोजत नाही. पण वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन हवंच. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या तर ५ मिलिग्रॅमचा डोस २.५ वर आणतात. एकाच गोष्टीवरून तो परस्पर अर्धा करायचा नाही. ते चुकीचं कमी औषध होतं, आणि असं बऱ्याचदा घडतं.

दोघांपैकी कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेत पहिल्याच वाक्यात गोळीचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा, कारण गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. काळी डांबरासारखी शौचाला होणं, डोक्याला मार लागणं किंवा पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, यांतही आकडा किती ते बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

शेवटची खूण फक्त आईची. रात्री पंखा बंद असताना तिच्याजवळ बसलं तर व्हॉल्व्हची बारीक टिकटिक ऐकू येते, घड्याळासारखी. तिला स्वतःला तर ती पाठ असेल. ती टिकटिक दबल्यासारखी झाली किंवा येईनाशी झाली आणि सोबत धाप लागत असेल, तर पाकळीवर गुठळी बसली असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची ओपीडी उघडायची वाट न पाहता, रात्रीच इकोकार्डिओग्राफीची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. पुढचे काही आठवडे, आयएनआर पुन्हा २.५ च्या वर स्थिर होईपर्यंत, झोपण्याआधी तिला एवढंच विचारत जा: आवाज नेहमीसारखाच आहे ना?